क्रिप्टोमधील ओपनिंग रेंज ब्रेकआउट : दिवसाच्या पहिल्या चार तासांवर आधारलेली पद्धत

शेअर बाजारात ओपनिंग रेंज ब्रेकआउटचा अर्थ लावणे सोपे असते. बाजार रात्रभर बंद असतो, त्या काळात ऑर्डर साचतात, सकाळी घंटा वाजल्यावर त्या एकमेकींवर आदळतात आणि पहिल्या पंधरा-तीस मिनिटांत जो उच्चांक आणि नीचांक तयार होतो, त्याला ‘ओपनिंग रेंज’ आणि भाव तिच्याबाहेर पडण्याला ‘ब्रेकआउट’ म्हणतात. क्रिप्टोचा बाजार मात्र कधीच बंद होत नाही. दैनिक कँडल ००:०० यूटीसीला उघडते, पण त्याच्या एक मिनिट आधीही व्यवहार चालू असतात आणि एक मिनिट नंतरही. त्यामुळे शेअर बाजारातली पंधरा मिनिटांची रेंज जशीच्या तशी इथे आणली, तर जिच्यामागे साचलेल्या ऑर्डर नाहीत अशा रेषेवर आपण व्यवहार करू लागतो. नवीन माणसाचे पहिले नुकसान बहुधा इथेच होते.

मग ००:०० यूटीसी या वेळेला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो वेगळा आहे. या क्षणी टोकियो आणि सोलमध्ये सकाळचे नऊ, तर हाँगकाँग आणि सिंगापूरमध्ये आठ वाजलेले असतात. त्याच क्षणी आदल्या दिवसाची दैनिक कँडल बंद होते आणि तिच्या क्लोजवर चालणाऱ्या स्वयंचलित प्रणाली आपापल्या ऑर्डर टाकतात. शिवाय अनेक एक्स्चेंजवर पर्पेच्युअल, म्हणजे मुदत नसलेल्या, फ्युचर्सचे फंडिंग, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या बाजूंनी एकमेकांना द्यायची रक्कम, दर आठ तासांनी, म्हणजे ००:००, ०८:०० आणि १६:०० यूटीसीला आकारले जाते, आणि ते टाळण्यासाठी किंवा मिळवण्यासाठी काही जण त्या वेळेच्या आगेमागे पोझिशन उघडतात व बंद करतात. पहिल्या काही मिनिटांतली धावपळ बरीचशी या कारणांची असते, आणि पुढचा दिवस कोणत्या दिशेला जाईल याच्याशी तिचा संबंध असेलच असे नाही.

म्हणून या लेखात मी पहिल्या चार तासांची, म्हणजे ००:०० ते ०४:०० यूटीसी या काळातली रेंज घेतो. या काळात पूर्व आशियाची सकाळ पार पडते आणि लंडनचे कामकाज अजून सुरू झालेले नसते. तिथले सकाळचे आठ हिवाळ्यात ०८:०० यूटीसीला आणि उन्हाळ्यात ०७:०० यूटीसीला वाजतात. पहिल्या चार तासांत एका गटाने भावाची एक चौकट आखलेली असते, आणि पुढे येणारा दुसरा गट ती चौकट मान्य करतो की मोडतो, हे आपण पाहतो. या पद्धतीचा सगळा तर्क एवढाच आहे. जिथे तो लागू पडत नाही, तिथे ती वापरू नये.

पहिली पायरी : घड्याळ तपासणे

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण माझा पहिला महिना तिच्यामुळेच वाया गेला. मी जे एक्स्चेंज वापरत होतो, त्याच्या चार्टवरची दैनिक कँडल हाँगकाँगच्या मध्यरात्री, म्हणजे १६:०० यूटीसीला उघडत होती. चार तासांच्या कँडलच्या सीमा दोन्ही हिशेबांत तंतोतंत जुळतात, कारण सोळाला चारने भाग जातो, त्यामुळे चार्ट पाहून काही चुकल्याचे लक्षात येत नाही. फक्त ‘दिवसाची पहिली कँडल’ कोणती, याचे उत्तर बदलते. मी पूर्व आशियाची सकाळ समजून अमेरिकेची दुपार मोजत होतो.

तपासण्याची रीत अशी. चार्टवरची वेळ यूटीसीवर ठेवावी, दैनिक कँडलचा ओपन भाव टिपून घ्यावा आणि एक मिनिटाच्या चार्टवर ००:०० च्या कँडलचा ओपन तोच आहे का ते पाहावे. चार्टच्या वेळेची सेटिंग बदलल्याने बहुतेक ठिकाणी फक्त खालची अक्षरे बदलतात आणि कँडलची बांधणी तशीच राहते, त्यामुळे केवळ सेटिंगवर विसंबू नये. चार्ट एका एक्स्चेंजचा आणि व्यवहार दुसऱ्यावर, असेही करू नये. दोन ठिकाणच्या उच्चांकांत काही डॉलरचा फरक सहज पडतो आणि आपला संपूर्ण निर्णय तर त्या एका रेषेवर उभा असतो.

दुसरी पायरी : रेंज आखणे आणि ती व्यवहारायोग्य आहे का ते ठरवणे

०४:०० वाजून गेल्यावर चार तासांच्या चार्टवरील ००:०० च्या कँडलचा उच्चांक आणि नीचांक घ्यावा आणि दोन आडव्या रेषा ओढाव्यात. मधोमध तिसरी रेषाही ओढावी, कारण ती पुढे स्टॉपसाठी, म्हणजे तोटा थांबवणाऱ्या ऑर्डरसाठी, लागणार आहे. विकची, म्हणजे कँडलच्या वरखालच्या बारीक रेषांची, टोके धरावीत, कँडलचे शरीर नव्हे. ०४:०० पूर्वी रेषा ओढू नयेत, कारण तोपर्यंत रेंज तयार होत असते आणि पावणेचारला दिसणारा ‘ब्रेकआउट’ हा प्रत्यक्षात रेंजचाच भाग असतो.

आता या पद्धतीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय येतो, आणि तो दिशेचा नसून रुंदीचा आहे. रेंज फार अरुंद असेल, तर ती फुटणे सोपे असते, चार्टही सुंदर दिसतो आणि स्टॉप जवळ असल्यामुळे मोठी पोझिशन घेण्याचा मोह होतो. पण फी रुंदी पाहून कमी होत नाही. पर्पेच्युअलवर टेकर फी, म्हणजे लगेच भरणाऱ्या ऑर्डरची फी, एका बाजूला ०.०५ टक्के धरली, तर आत जाणे आणि बाहेर येणे मिळून ०.१ टक्का जातो. बिटकॉइन ६०,००० डॉलरवर असताना ही रक्कम एका बिटकॉइनमागे सुमारे ६० डॉलर होते. रेंज १२० डॉलरची असेल आणि स्टॉप तिच्या मध्यावर ठेवला, तर मध्यापासून वरच्या रेषेपर्यंतचे अंतरही ६० डॉलरच भरते. म्हणजे जेवढी जोखीम भावाची, जवळजवळ तेवढीच फीची. अशा व्यवहारात दिशा बरोबर येऊनही हाती फारसे उरत नाही.

माझा आडाखा असा आहे की रेंजची रुंदी जाण्या-येण्याच्या एकूण फीच्या किमान आठपट असावी. म्हणजे वरील फीच्या दराने ती भावाच्या निदान ०.८ टक्के हवी. स्पॉट बाजारात एका बाजूची फी ०.१ टक्का असेल, तर हाच आडाखा १.६ टक्क्यांवर जातो. बिटकॉइनमध्ये पहिल्या चार तासांत एवढी रुंद रेंज मिळणारे दिवस बरेच कमी असतात, आणि साध्या स्पॉट व्यवहारात खाली फुटलेल्या रेंजचा फायदाही घेता येत नाही. तेव्हा स्पॉटवर ही पद्धत वापरायची असेल, तर आठवड्यातून एखादाच व्यवहार मिळेल किंवा तोही मिळणार नाही, हे गृहीत धरावे.

वरच्या टोकालाही मर्यादा हवी. त्यासाठी दैनिक चार्टवरचा १४ दिवसांचा एटीआर पाहावा. गेल्या दोन आठवड्यांत एका दिवसात भाव साधारण किती हलला, हे त्यावरून समजते. पहिल्या चार तासांतच एटीआरच्या ६० टक्क्यांहून अधिक हालचाल झाली असेल, तर दिवसाचा मोठा पल्ला आधीच कापला गेला आहे, असे समजून मी त्या दिवशी चार्ट बंद करतो. आठपट आणि ६० टक्के हे माझे आकडे आहेत. ते प्रत्येकाने आपल्या फीनुसार आणि आपण व्यवहार करतो त्या नाण्यानुसार तपासून घ्यावेत.

तिसरी पायरी : आत केव्हा जायचे

वरच्या रेषेवर आधीच बाय स्टॉप ऑर्डर लावून ठेवणे, ही सर्वांत सोपी आणि सर्वांत महागडी सवय आहे. उच्चांकाच्या थोडे वर शॉर्टवाल्यांचे स्टॉप साचलेले असतात हे सगळ्यांनाच ठाऊक असते. भाव तिथवर जातो, ते स्टॉप उडतात, एक लांब विक तयार होते आणि भाव परत आत येतो. त्या विकच्या टोकावर ज्यांची खरेदी झालेली असते, त्यांत आपली ऑर्डरही असते.

त्याऐवजी पंधरा मिनिटांच्या चार्टवर कँडल रेषेबाहेर बंद होण्याची वाट पाहावी. वर बंद झाली तर लाँग, खाली बंद झाली तर शॉर्ट. यात थोडा भाव हातचा जातो, पण नुसत्या विकवर होणारे बरेच व्यवहार टळतात. मात्र कँडल रेषेपासून फार दूर बंद झाली असेल, म्हणजे रेंजच्या रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक अंतरावर, तर तिच्यामागे धावू नये. तेव्हा स्टॉपचे अंतर इतके वाढते की आधी केलेला हिशेब लागू राहत नाही.

इथे अनेक जण एक चतुर वाटणारा उपाय सुचवतात : ब्रेकआउट होऊ द्यावा आणि भाव रेषेवर परत येईल तेव्हा घेण्यासाठी लिमिट ऑर्डर लावावी. त्यामुळे भावही चांगला मिळतो आणि बुकमध्ये थांबणाऱ्या ऑर्डरची मेकर फी कमी लागते. हे खरे आहे, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. जे ब्रेकआउट फसतात, ते सगळे रेषेवर परत येतात आणि आपली ऑर्डर भरून जातात. जे सर्वांत जोरदार असतात, ते मागे वळून पाहत नाहीत आणि आपली ऑर्डर तशीच पडून राहते. वाईट व्यवहार सगळे पदरात आणि चांगले निम्मे बाहेर, अशी ही निवड होते. मी लिमिट ऑर्डर फक्त दूर बंद झालेल्या कँडलनंतर वापरतो आणि ती भरली नाही तर तासाभरात काढून टाकतो.

व्हॉल्यूमबद्दल थोडेच सांगतो. ब्रेकआउटच्या कँडलचा व्हॉल्यूम मागच्या २० कँडलच्या सरासरीपेक्षा स्पष्टपणे अधिक असेल, तर तो जमेचा मुद्दा मानावा. मात्र पहाटेच्या ब्रेकआउटमध्ये त्या सरासरीत ००:०० ची गजबजलेली कँडलही येते आणि सरासरी फुगते, हे लक्षात ठेवावे.

नवीन व्यवहार घेण्याची मुदत मी ०४:०० ते १२:०० एवढीच ठेवतो. त्यानंतर अमेरिकेच्या आर्थिक आकडेवारीची वेळ जवळ येते. महागाईचा आकडा तिथल्या सकाळी साडेआठला, म्हणजे उन्हाळ्यात १२:३० आणि हिवाळ्यात १३:३० यूटीसीला जाहीर होतो, आणि त्या मिनिटाला सकाळच्या रेंजला कोणी विचारत नाही.

चौथी पायरी : स्टॉप आणि पोझिशनचा आकार

स्टॉप रेंजच्या मध्यावर ठेवावा. भाव फुटल्यानंतर थोडासा रेंजमध्ये परत येणे हे अपयश नव्हे, तसे चांगल्या दिवशीही घडते. पण तो मध्यापर्यंत आला, तर बाजाराने जुनी चौकट पुन्हा स्वीकारली आहे असे मानायला हरकत नाही. रेंजच्या दुसऱ्या टोकाला स्टॉप ठेवला तर तो कमी वेळा उडतो, पण प्रत्येक वेळी नुकसान जवळपास दुप्पट होते.

ऑर्डर लावताना स्टॉप कोणत्या भावावर सक्रिय होणार ते पाहावे. बहुतेक फ्युचर्स एक्स्चेंजवर Last Price आणि Mark Price असे दोन पर्याय असतात. पहिला म्हणजे त्याच एक्स्चेंजवर झालेला शेवटचा सौदा, तर दुसरा म्हणजे मुख्यतः अनेक बाजारांच्या निर्देशांकावरून काढलेला भाव. एकाच एक्स्चेंजवर क्षणभर आलेल्या विकने स्टॉप उडू नये असे वाटत असेल, तर दुसरा पर्याय घ्यावा. मात्र तेव्हा प्रत्यक्ष विक्रीचा भाव आपल्या रेषेपेक्षा थोडा वेगळा येऊ शकतो. स्टॉप मार्केट प्रकारचा असावा. स्टॉप-लिमिटमध्ये भाव उडी मारून पुढे गेला, तर ऑर्डर न भरता तशीच राहते, आणि ज्या दिवशी स्टॉपची खरी गरज असते नेमक्या त्याच दिवशी असे घडते.

पोझिशनचा आकार शेवटी काढावा, आधी नाही. किती रक्कम गमावण्याची तयारी आहे ते ठरवावे आणि तिला एका बिटकॉइनमागच्या संपूर्ण नुकसानाने, म्हणजे भावाचे अंतर, दोन्ही फी आणि ऑर्डर भरताना भावात पडणारा थोडा फरक, म्हणजे स्लिपेज, यांच्या बेरजेने, भागावे. लिव्हरेज निवडण्याचा प्रश्नच मग उरत नाही. जे उत्तर येते तेच.

एक दिवस आकड्यांसह

पुढील भाव समजावण्यासाठी घेतलेले आहेत. खात्यात ५,००० डॉलर आहेत आणि एका व्यवहारात अर्धा टक्का, म्हणजे २५ डॉलर गमावण्याची तयारी आहे. बिटकॉइनच्या ००:०० ते ०४:०० च्या कँडलचा उच्चांक ६०,४८०, नीचांक ५९,९४० आणि मध्य ६०,२१० आहे. रुंदी ५४० डॉलर, म्हणजे साधारण ०.९ टक्के भरते. ती फीच्या नऊपट असल्याने खालची अट पूर्ण होते. दैनिक एटीआर १,८०० आहे आणि ५४० हा त्याचा ३० टक्के भाग आहे, म्हणून वरची अटही पूर्ण होते.

०५:३० च्या सुमारास भाव ६०,५१० पर्यंत जातो, पण पंधरा मिनिटांची कँडल ६०,४३० वर, म्हणजे रेंजच्या आत बंद होते. काहीही करायचे नाही. ०७:०० ला बंद होणारी कँडल ६०,५६० वर बंद होते. रेषेपासूनचे अंतर ८० आहे आणि आपली मर्यादा १८० ची होती, म्हणून लाँग घेतो. प्रत्यक्ष भाव ६०,५७० मिळतो. स्टॉप ६०,२१० वर आहे आणि तो उडाल्यास १० डॉलर स्लिपेज धरून बाहेर पडण्याचा भाव ६०,२०० येईल. तेव्हा एका बिटकॉइनमागे भावाचे नुकसान ३७० आणि फी सुमारे ६०, मिळून ४३०. पंचवीसला ४३० ने भागल्यास ०.०५८ बिटकॉइन येतात. या पोझिशनची किंमत सुमारे ३,५१३ डॉलर, म्हणजे खात्यातल्या रकमेपेक्षाही कमी आहे. वीसपट-पन्नासपट लिव्हरेजची बटणे या हिशेबात कुठेच लागत नाहीत.

आता टार्गेट. प्रचलित रीत म्हणजे रेंजची रुंदी वरच्या रेषेत मिळवणे : ६०,४८० अधिक ५४०, म्हणजे ६१,०२०. तिथे सगळी पोझिशन विकली, तर फी वजा जाता सुमारे २२.६ डॉलर मिळतात, तर स्टॉप उडाल्यास २५ जातात. म्हणजे शंभरपैकी ५३ व्यवहार यशस्वी झाले तरच ही रीत जेमतेम बरोबरीत राहील. ब्रेकआउटमध्ये एवढे यश सातत्याने मिळेल, असे धरून चालणे मला धाडसाचे वाटते. या पद्धतीचा नफा अधूनमधून येणाऱ्या लांब दिवसांतून मिळायला हवा, आणि सगळे टार्गेटवर विकले तर नेमके तेच दिवस कापले जातात.

म्हणून मी अर्धी पोझिशन टार्गेटवर विकतो, उरलेल्या अर्ध्याचा स्टॉप खरेदीच्या भावावर आणतो आणि २०:०० यूटीसीला जे काही असेल ते बंद करतो. समजा १३:१५ ला ६१,०२० आले आणि २०:०० ला भाव ६१,४६० आहे. पहिल्या अर्ध्यावर १३ आणि दुसऱ्यावर सुमारे २५.८ डॉलर मिळतात. त्यातून साडेतीन डॉलर फी जाते. पोझिशन ०८:०० आणि १६:०० ला उघडी असल्याने फंडिंगही द्यावे लागते. दर ०.०१ टक्का असेल, तर दोन्ही मिळून अर्धा डॉलर. हाती सुमारे ३४.८ डॉलर राहतात.

फसलेला ब्रेकआउट ओळखणे आणि त्यानंतर काय करावे

स्टॉप उडाला की त्याच बाजूचा व्यवहार त्या दिवसापुरता संपला. दुसऱ्यांदा वर फुटले तरी घेऊ नये. एकाच रेषेभोवती तीन-चार वेळा आत-बाहेर करणारा दिवस हा रेंजचा दिवस असतो आणि त्या दिवशी ही पद्धत फक्त फी भरते. मात्र भाव खालच्या रेषेखाली बंद झाला आणि १२:०० वाजले नसतील, तर तेवढ्याच आकाराचा एक शॉर्ट घेता येतो. दिवसात दोनच व्यवहार, तिसरा नाही.

काही लक्षणे आधीच दिसतात. आदल्या दिवशी मोठी हालचाल झालेली असेल, तर पहिल्या चार तासांची रेंज बहुधा त्या हालचालीची उरलीसुरली थरथर असते. शनिवार-रविवारी ऑर्डर बुक पातळ असते आणि लंडन-न्यूयॉर्कचा दुसरा गट पुरेशा संख्येने येतच नाही, म्हणून वर सांगितलेला तर्कच गळून पडतो. मी त्या दोन दिवशी व्यवहार करत नाही. छोट्या नाण्यांत आणखी एक अडचण येते : त्यांची रेंज स्वतंत्र नसते. बिटकॉइन हलला की सगळी एकदम फुटतात, आणि पाच नाण्यांत घेतलेले पाच लाँग हे प्रत्यक्षात पाचपट आकाराचे एकच लाँग ठरते.

पैसे लावण्यापूर्वी

मागच्या निदान ६० कामकाजी दिवसांवर ही पद्धत हाताने तपासावी. प्रत्येक दिवसासाठी रेंजची रुंदी, एटीआरशी तिचे प्रमाण, पहिली बाहेर बंद झालेली कँडल, तिची वेळ, आणि फीसह निकाल जोखमीच्या पटीत लिहावा. वरच्या उदाहरणाचा निकाल २५ डॉलरच्या जोखमीवर ३४.८, म्हणजे १.४ पट असा लिहिला जाईल. ज्या दिवशी रुंदीच्या अटीमुळे व्यवहार झाला नाही, तो दिवसही वहीत असावा, म्हणजे ती अट आपल्याला वाचवते आहे की चांगले दिवस हिरावते आहे, हे नंतर तपासता येते.

तपासताना एक सापळा आहे. पंधरा मिनिटांच्या एकाच कँडलमध्ये स्टॉप आणि टार्गेट दोन्ही आले असतील, तर आधी कोणते आले हे त्या कँडलवरून कळत नाही, आणि मन नकळत टार्गेटच्या बाजूने कौल देते. अशा वेळी एक मिनिटाचा चार्ट उघडावा, आणि तिथेही उलगडा झाला नाही तर स्टॉप उडाला असे लिहावे. प्रवेशाचा भावही कँडलच्या क्लोजचा न धरता पुढच्या कँडलच्या ओपनमध्ये थोडे स्लिपेज मिळवून धरावा, कारण कँडल बंद झाल्याचे कळल्यावरच आपण बटण दाबणार असतो.